मधलाच शब्द दाबत गेलं की वाक्य फिरायला का लागतं

प्रश्न (उदगीरजवळून): माझा सातवीतला मुलगा मोबाइलवर एक शब्द लिहितो आणि वर जे शब्द सुचतात त्यातला मधला दाबतच राहतो. वाक्यं एकदम बरोबर वाटतात, पण अर्थ काहीच निघत नाही, आणि थोड्या वेळानं तेच तेच फिरायला लागतं. त्यात लातूर, सोयाबीन, आडत असं सगळं आमचंच येतं. परवा तसलाच एक मेसेज आडत्याला गेला, तर त्यांचा फोन आला, किती पोती आणलीत म्हणून. मोबाइल आमचं बोलणं ऐकतो का? आणि हे असं फिरतं कशामुळं?

उत्तर:

ताई, ऐकण्याची भीती आधी बाजूला ठेवू. तुम्ही जे सांगताय ते घडायला मोबाइलनं काहीही ऐकण्याची गरज नाही. तुमच्या घरात त्या मोबाइलवर आजवर जे लिहिलं गेलं तेवढं पुरतं. हे तुम्हाला घरीच तपासून बघता येईल, ते शेवटी सांगतो.

मराठी कीबोर्डच्या सुचवण्यांवर मी बरीच वर्षं काम करतोय, आणि हा प्रश्न आला की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात असा माझा अनुभव आहे. वाक्य फिरायला लागणं ही एक गोष्ट. वाक्याला अर्थ नसणं ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी दिसतात म्हणून एकच रोग वाटतो, पण कारणं वेगळी आहेत. फिरणं थांबवता येतं, अगदी तुमच्या मुलालाही थांबवता येईल. ते थांबलं तरी अर्थ मात्र येत नाही. हे नीट समजलं तर बाकी सगळं आपोआप उलगडतं, म्हणून उत्तर थोडं लांबवतोय.

तुमच्या मोबाइलवर नेमकं काय चालतं हे तो कोणता कीबोर्ड आहे, भाषा कोणती निवडली आहे आणि लिहिलेलं शिकण्याची सोय चालू आहे की बंद, यावर अवलंबून आहे. काही कीबोर्ड आत सरळ मोजदाद ठेवतात, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द किती वेळा आला याची. काहींच्या आत छोटंसं न्यूरल नेटवर्क असतं, म्हणजे खूप मजकूर बघून पुढचा शब्द ओळखायला शिकलेलं गणित. गुगलनं आपल्या कीबोर्डमधल्या इंग्रजी सुचवण्यांबद्दल २०१८ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातल्या अशा नेटवर्कचा शब्दसंग्रह १०,००० शब्दांचा आणि आत शिकून साठवलेले आकडे साधारण १४ लाख होते. एवढं लहान ठेवावं लागतं, कारण तुमचं बोट एका शब्दावरून उठून दुसऱ्यावर जाईपर्यंत पुढची सुचवण तयार पाहिजे, आणि तीही साध्या मोबाइलवर. मी खाली मोजदादीची पद्धत घेऊन सांगतो. ती कागदावर करून बघता येते, आणि तुमच्या मुलाला जे दिसतंय ते त्यात जसंच्या तसं दिसतं.

समजा एका मोबाइलवर आजवर फक्त सात मेसेज लिहिले गेलेत. हे मी समजावण्यासाठी तयार केलेत, पण तुमच्याकडचे मेसेज यापेक्षा फार वेगळे नसतील.

१. मी आज लातूरला आहे
२. पाऊस आहे म्हणून मी घरीच आहे
३. मी आज लातूरला येत नाही
४. आडतीवर गर्दी आहे म्हणून मी आज लातूरला आलो नाही
५. आपलं सोयाबीन आज लातूरला आहे
६. सोयाबीन ओलं आहे म्हणून भाव कमी आहे
७. सोयाबीन ओलं आहे का

यात एकूण वेगवेगळे शब्द १८ आहेत. आता प्रत्येक शब्दापुढे कोण येतं ते मोजू. ‘मी’च्या पुढे ‘आज’ तीनदा आलाय आणि ‘घरीच’ एकदा. ‘आज’च्या पुढे चारही वेळा ‘लातूरला’. ‘लातूरला’च्या पुढे ‘आहे’ दोनदा, ‘येत’ एकदा, ‘आलो’ एकदा. ‘आहे’च्या पुढे ‘म्हणून’ तीनदा, ‘का’ एकदा, बाकी चार वेळा वाक्य तिथंच संपलंय. ‘म्हणून’च्या पुढे ‘मी’ दोनदा, ‘भाव’ एकदा. ‘सोयाबीन’च्या पुढे ‘ओलं’ दोनदा, ‘आज’ एकदा. आणि ‘ओलं’च्या पुढे दोन्ही वेळा ‘आहे’.

बहुतेक कीबोर्डवर मधल्या जागी सगळ्यात जास्त मोजदादीचा शब्द बसतो, आणि डाव्या-उजव्या बाजूला त्याखालचे. म्हणजे मधला दाबत राहणं याचा अर्थ दर वेळी सगळ्यात मोठा आकडा निवडणं. ‘सोयाबीन’ लिहून सुरुवात करा आणि वरच्या आकड्यांवर बोट ठेवून चालत जा. हे मिळतं:

सोयाबीन ओलं आहे म्हणून मी आज लातूरला आहे म्हणून मी आज लातूरला आहे म्हणून मी आज लातूरला…

‘भाव’पासून सुरुवात केली तर: भाव कमी आहे म्हणून मी आज लातूरला आहे म्हणून मी आज… ‘पाऊस’पासून केली तर: पाऊस आहे म्हणून मी आज लातूरला आहे म्हणून… ‘आडतीवर’पासून केली तरी दोन शब्दांनंतर त्याच रिंगणात. वाट ‘नाही’ किंवा ‘का’पाशी संपली नाही, तर सुरुवात कुठूनही करा, थोडं अंतर वेगळ्या वाटेनं जाऊन वाक्य त्याच पाच शब्दांच्या घाण्याला जुंपलं जातं.

एक बारीक गोष्ट इथं बघण्यासारखी आहे. ‘आहे’नंतर चार वेळा वाक्य संपलं होतं, म्हणजे ‘म्हणून’पेक्षाही जास्त वेळा. तरी वाक्य थांबलं नाही, कारण सुचवणीच्या पट्टीत सहसा शब्द असतात, ‘आता बास’ असं बटण नसतं. माणूस ज्या ठिकाणी बोलणं संपवून मेसेज पाठवतो, त्या ठिकाणी कीबोर्ड पुढचा शब्द हातात देतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं ‘आहे’, ‘नाही’, ‘येतो’ हे वाक्याच्या शेवटचे शब्द. त्यांच्या पुढं जे काही सुचतं ते बहुतेक वेळा दोन वाक्यं जोडणारं असतं, आणि पुन्हा ‘मी’ सुरू होतो. तुमच्या मुलाच्या मेसेजमध्ये ‘आहे आणि’, ‘आहे म्हणून’, ‘आहे पण’ असे सांधे सारखे दिसत असतील, त्याचं कारण हे.

आता फिरणं अटळ का आहे ते बघा. एका शब्दाची आठवण असलेल्या या यंत्राला पुढचा शब्द ठरवताना फक्त चालू शब्द दिसतो. ‘मी’ला नेहमी ‘आज’च मिळणार, ‘आज’ला नेहमी ‘लातूरला’च. मग एकदा वापरलेला शब्द पुन्हा आला की त्याच्यापुढचं सगळं जसंच्या तसं पुन्हा येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. आणि शब्द तर १८च आहेत, म्हणजे फार झालं तर एकोणिसाव्या शब्दाला जुना शब्द परत यावाच लागतो. याला बिघाड म्हणता येणार नाही. आठवण मर्यादित असेल आणि निवड दर वेळी एकाच नियमानं होत असेल, तर रिंगण होणारच.

मग आठवण वाढवली तर? मागचे दोन शब्द लक्षात ठेवायला लावू. आता रिंगण पूर्ण व्हायला शब्दांची जोडी परत यावी लागेल. १८ शब्दांच्या जोड्या ३२४ होतात, १०,००० शब्दांच्या १० कोटी. हिशोबानं रिंगण प्रचंड लांब होऊ शकतं, पण प्रत्यक्षात तसं होत नाही, आणि का होत नाही ते आपल्या सात मेसेजमध्येच दिसतं. ‘मी आज’नंतर ‘लातूरला’, तीनदा. ‘आज लातूरला’नंतर ‘आहे’, दोनदा. आता ‘लातूरला आहे’नंतर काय? सातही मेसेज चाळा. ‘लातूरला आहे’ दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा मेसेज तिथंच संपलाय. पुढं कुणी काही लिहिलेलंच नाही. अशा वेळी मोजदादीचे कीबोर्ड एक पायरी खाली उतरतात: दोन शब्दांचा पुरावा नसेल तर एका शब्दाचा घेतात. एका शब्दाचा पुरावा म्हणतो ‘आहे’नंतर ‘म्हणून’. तो शब्द बसला की ‘आहे म्हणून’नंतर ‘मी’ दोनदा आलेला आहेच. ‘म्हणून मी’नंतर ‘घरीच’ आणि ‘आज’ यांची बरोबरी होते, पुन्हा खाली उतरून ‘मी’चा आकडा बघितला की ‘आज’ जिंकतो. आणि आपण परत त्याच रिंगणात.

अर्थ नेमका कुठं तुटला ते या जागेवर बोट ठेवून दाखवता येतं. ‘मी आज लातूरला आहे’ हे माणसानं लिहिलंय. ‘आहे म्हणून मी आज लातूरला’ हेही माणसानं लिहिलंय, गर्दीच्या मेसेजमध्ये. पण ‘लातूरला आहे म्हणून’ हे कुणीच कधी लिहिलेलं नाही. तो सांधा यंत्रानं घातला. ‘म्हणून’ या शब्दाचं काम कारण आणि परिणाम जोडणं. पावसामुळं कुणी घरी राहिलं, गर्दीमुळं कुणी आलं नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. यंत्राला फक्त एवढंच माहीत होतं की ‘आहे’च्या शेजारी ‘म्हणून’ बसतो. त्यामुळं ‘मी लातूरला आहे’ याचं कारण ‘मी लातूरला आहे’, असं वाक्य तयार झालं. व्याकरणात कुठं खोट नाही, कारण व्याकरण बरंचसं शेजारच्या दोन-तीन शब्दांत मावतं. कारण, हेतू, कोण कुणाला काय सांगतोय, हे शेजारच्या शब्दांत मावत नाही.

तुमच्या मुलाला यात गोडी असेल तर त्याला हे सांधे शोधायला सांगा. सुचवण्यांनी बनलेलं लांब वाक्य घ्यायचं आणि कुठपर्यंतचा तुकडा घरातल्या कुणी खरंच लिहिला असेल तिथं रेघ मारायची. चार-पाच शब्दांमागं एक रेघ येते. रेघांच्या मधलं सगळं तुमच्याच घरचं असतं, आणि रेघेवरची उडी कुणाचीच नसते.

न्यूरल नेटवर्कवाल्या कीबोर्डची आठवण अशी दोन-तीन शब्दांना कापलेली नसते, ती हळूहळू पुसट होत जाते. म्हणून तिथं वाक्य जरा लांबपर्यंत एका विषयावर राहतं. तरी दर वेळी पहिलीच सुचवण घेतली तर तीही वाक्यं फिरतात, आणि एकदा फिरायला लागली की सहसा बाहेर पडत नाहीत. यापेक्षा कितीतरी मोठ्या भाषा-मॉडेलवर, म्हणजे पुढचा शब्द ओळखणाऱ्या अशाच नेटवर्कवर, २०१९ साली संशोधकांनी हे तपासलं. एखादा वाक्यखंड दोन-तीनदा आला की तो पुन्हा येण्याची शक्यता मॉडेलच्या लेखी दर फेरीला वाढत जाते, असं त्यांना दिसलं. त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली: माणसांनी लिहिलेल्या मजकुरात प्रत्येक शब्द सगळ्यात अपेक्षित नसतो. मध्येच एखादा अनपेक्षित शब्द येतो, मग पुन्हा अपेक्षित, असं वर-खाली चालतं. त्या अनपेक्षित शब्दातच बहुधा सांगण्यासारखी गोष्ट असते. यावर पुढं येतो.

फिरणं थांबवायचं असेल तर निवडीचा नियम मोडावा लागतो. एक फासा घ्या. एक-दोन पडले तर डावा शब्द, तीन-चार पडले तर मधला, पाच-सहा पडले तर उजवा. असं केलं की तेच शब्द पुन्हा आले तरी पुढची वाट दर वेळी वेगळी फुटते आणि ठरलेलं रिंगण उरत नाही. फक्त ‘एकदा मधला, एकदा डावा’ अशी ठरलेली आलटपालट मात्र चालत नाही, कारण तोही नियमच झाला आणि त्याचंही रिंगण होतं, फक्त जरा लांब. फाशाचं वाक्य वाचून बघा. ते फिरत नाही, भटकतं. पाऊस, मग लग्न, मग बँक, मग शाळा, आणि प्रत्येक जोड व्यवस्थित. सुरुवातीला म्हटलं होतं ते इथं दिसतं: फिरणं गेलं, अर्थ आला नाही. दर वेळी पहिलाच शब्द घेतल्यामुळं वाक्य फिरतं. आठवण आखूड आणि सांगण्यासारखं काही नाही, त्यामुळं ते निरर्थक असतं.

हे मोबाइलच्या कितीतरी आधीचं आहे. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं हातानं मोजली, स्वरानंतर स्वर किती वेळा येतो आणि व्यंजन किती वेळा हे बघायला. अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली हाच विचार शब्दांपर्यंत नेला. त्यांची रीत तुमच्या मुलाला वर्तमानपत्रावर करता येईल: कुठंही बोट ठेवून एक शब्द घ्यायचा, मग दुसरं पान उघडून तो शब्द सापडेपर्यंत वाचायचं, सापडला की त्याच्यापुढचा शब्द लिहून घ्यायचा, आणि आता तो शोधायचा. असं करत गेलं की वर्तमानपत्राच्या भाषेत, पण कुणीच न लिहिलेला मजकूर तयार होतो. पान दर वेळी दुसरं असल्यामुळं तो फिरत बसत नाही.

मराठीत हा प्रकार इंग्रजीपेक्षा लवकर दिसतो, असं माझं निरीक्षण आहे, आणि त्याला कारण आहे. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवतो. लातूर, लातूरला, लातूरहून, लातूरच्या, लातूरमधल्या: अख्खे शब्द मोजणाऱ्या यंत्राला हे पाच वेगळे शब्द. ‘लातूर’ची मोजदाद पाच ठिकाणी वाटली जाते, तर ‘आहे’, ‘मी’, ‘पण’, ‘आणि’ यांची एकाच ठिकाणी साठते. साहजिकच तेच वर राहतात, आणि सगळ्या वाटा त्यांच्याकडं जातात. शब्दांचे तुकडे करून शिकणाऱ्या मॉडेलमध्ये हा त्रास कमी होतो.

कीबोर्डची आठवण किती लांब आहे हे बघायलाही मराठी सोयीची आहे, कारण क्रियापदाला लिंग लागतं आणि ते शेवटी येतं. ‘तूर’ लिहा, मग स्वतःच ‘काल सकाळी आडतीवर’ लिहा आणि मग काय सुचतं ते बघा. ‘नेली’, ‘विकली’ वर असेल तर चार शब्द मागची ‘तूर’ त्याला आठवतेय असं मानायला जागा आहे. मग ‘हरभरा काल सकाळी आडतीवर’ लिहून बघा. आता ‘नेला’, ‘विकला’ यायला हवं. दोन्ही वेळा तेच सुचत असेल तर पहिला शब्द केव्हाच विसरला गेलाय. मी कोणताही नवा कीबोर्ड हातात घेतला की आधी असंच करतो. एकाच जोडीवर निकाल देत नाही, कारण योगायोगानंही बरोबर येऊ शकतं. ज्वारी आणि कापूस, गाडी आणि ट्रॅक्टर अशा तीन-चार जोड्या घेतल्या की खरं कळतं.

आता आडत्याच्या फोनकडं येऊ, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट ती आहे. त्यांना नेमका कोणता मेसेज गेला ते तुम्ही लिहिलं नाही, पण ‘सोयाबीन ओलं आहे म्हणून मी आज लातूरला आहे’ असं काही असणार. त्यांना तो खरा वाटला यात नवल नाही. नंबर तुमचा, माल तुमचा, भाषा तुमची. ‘ओलं आहे म्हणजे लवकर घालवायचं असेल, म्हणून आले असतील,’ एवढा दुवा त्यांनी स्वतःच्या मनानं भरला. निरर्थक वाक्याला अर्थ द्यायचं काम वाचणारा करतो, आणि ओळखीच्या माणसाच्या मेसेजच्या बाबतीत तर फारच पटकन करतो.

पण त्यांनी फोन करून विचारलं काय, तर किती पोती. ही एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नव्हती, आणि सुचवण्यांनी बनलेल्या मेसेजमध्ये ती सहसा नसतेच. कारण पुन्हा मोजदादीतच आहे. तुम्ही एकदा ४० पोती लिहिता, एकदा ३२, एकदा २५. प्रत्येक आकडा एकेकदाच येतो, म्हणून तो कधी वर चढत नाही. ओलावा १२ टक्के होता की १५, गाडी कुणाची, भाव काय मिळाला, हमाली-तोलाई किती कापली, हे दर वेळी वेगळं. आणि ‘मी आज लातूरला आहे’ हे दर वेळी तेच. मोठा आकडा निवडत गेलं की सगळ्या मेसेजमध्ये सारखं असलेलं तेवढं उरतं, आणि त्या त्या मेसेजमध्ये नवीन असलेलं सगळं गळून जातं. मघाशी अनपेक्षित शब्दाबद्दल म्हटलं ते हेच. आडत्याला खरं काम त्या गळून गेलेल्या आकड्याशी होतं.

त्यामुळं त्यांना एवढं सांगून ठेवा: आमच्या नंबरवरून मालाचा मेसेज आला आणि त्यात पोत्यांचा आकडा नसेल, तर तो धरू नका. घरातल्या पोराच्या हातून गेलेला मेसेज ओळखायला ही खूण बहुतेक वेळा पुरते. अगदी शंभर टक्के म्हणत नाही. एकच आकडा तुम्ही पुन्हा पुन्हा लिहीत असाल, समजा दर हंगामाला ५० पोतीच, तर तोही वर चढू शकतो.

ऐकण्याबद्दल. सुचवणीत शब्द मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात: भाषेबरोबर कीबोर्डमध्येच आलेली यादी, तुम्ही लिहिलेल्यातून त्या मोबाइलवर शिकलेले शब्द, आणि परवानगी दिलेली असेल तर संपर्क यादीतली नावं. ‘आहे’, ‘आणि’, ‘मी’ पहिल्या ठिकाणचे. आडत्याचं आडनाव, तुमच्या वाडीचं नाव दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणचं. आपल्याकडचं ‘येऊलालो’, ‘करूलालास’ असलं काही सुचत असेल तर ते तुमच्याच घरात कुणीतरी लिहिलंय असं समजा, कंपनीच्या यादीत ते असण्याची शक्यता फार कमी.

तपासायचं असेल तर असं करा. ‘सोयाबीन’पासून सुरू करून मधला शब्द दाबत जा, जे आलं ते वहीत उतरवा. मग शिकलेले शब्द पुसा. गुगलचा कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये `Privacy` खाली `Delete learned words and data` असं मिळतं, दुसऱ्या कीबोर्डमध्ये असंच काहीतरी वेगळ्या नावानं असतं. पुसल्यावर तुमच्या सवयीचे बरोबर लिहिलेले शब्दही जातील आणि ते पुन्हा शिकायला काही दिवस लागतील, हे माहीत असू द्या. मग घरात नेहमीसारखं बोला, सोयाबीनचं, आडतीचं, सगळं, पण त्या मोबाइलवर मराठीत काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘सोयाबीन’पासून मधला दाबत जा आणि वहीशी ताडून बघा. तुमच्या घरचे शब्द गेलेले दिसतील आणि बोलण्यानं ते परत आलेले नसतील. वाक्य तरीही फिरेल, फक्त आता ते सगळ्यांच्या ‘आहे आणि मी’ मध्ये फिरेल. एखादं आडनाव तरीही आलंच, तर आधी संपर्क यादीची परवानगी बंद करून बघा.

पुसायचं नसेल तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. जो कीबोर्ड लिहिलेलं शिकतो, त्याच्या दृष्टीनं दाबून निवडलेला शब्दही लिहिलेलाच असतो. मुलगा रोज तासभर तेच रिंगण फिरवत असेल तर त्या रिंगणाचेच आकडे फुगत जाण्याची शक्यता आहे, आणि मग तुम्ही खरं काही लिहायला घेतलं तरी तेच पुढं येईल. त्याला खेळू द्यायचं असेल तर तुम्ही रोज न वापरणाऱ्या जुन्या मोबाइलवर द्या. किंवा तुमच्या मोबाइलवर `Next-word suggestions` बंद करा, म्हणजे शब्द लिहायला सुरुवात केल्यावर तो पूर्ण करायची मदत राहते आणि पुढचा शब्द आपोआप सुचायचं थांबतं. आडत्याच्या मेसेजचा प्रश्न त्यानं बराचसा मिटेल.

आणि मुलाला वरचे सात मेसेज कागदावर द्या. त्यात आणखी दोन घालायला सांगा: ‘मी आज लातूरला येत आहे’ आणि ‘आज लातूरला येत आहे का’. आता ‘लातूरला’च्या पुढे ‘येत’ तीनदा होतो आणि ‘आहे’ दोनच वेळा राहतो. रिंगण बदलून ‘मी आज लातूरला येत आहे म्हणून मी आज लातूरला येत आहे म्हणून’ असं सहा शब्दांचं होतं. तुमच्या आणि शेजारच्यांच्या मोबाइलवर एकाच शब्दापासून वेगळी वाक्यं का निघतात, आणि तुमच्याच मोबाइलवर मागच्या महिन्यातलं वाक्य या महिन्यात का निघत नाही, ते त्याला या दोन मेसेजवरून कळेल. आणखी कोणते दोन मेसेज घातले तर रिंगण मोडून दुसरंच तयार होईल, हे त्यानं स्वतः मोजून काढावं. ‘म्हणून’च्या पुढचे आकडे बघितले तर उत्तर सापडतं.